नकाशावर दुकान दोनदा दिसतंय, आणि गिऱ्हाईक जुन्याच पत्त्यावर जातंय

चेनकव्हर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, जरा मदत करा. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सात महिन्यांपूर्वी जागा बदलली, जुन्या जागेपासून चालत दहा मिनिटं. गूगलच्या नकाशावर मात्र अजून जुनाच पत्ता. ती नोंद मी केलेलीच नाही. चार वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुकानात आले, "काका, नकाशावर टाकून देतो" म्हणाले आणि मोबाइलवर काहीतरी करून गेले. त्यांचा नंबर आता लागत नाही. त्या नोंदीवर ६३ रिव्ह्यू आहेत, सरासरी ४.७.

जागा बदलल्यावर भाच्याने नकाशात 'Add a missing place' करून नव्या पत्त्यावर दुसरी नोंद टाकली. तिच्यावर २ रिव्ह्यू. आता आमचं नाव शोधलं की दोन्ही दिसतात आणि जुनी वर येते. काल एक बाई पंक्चर झालेली सायकल ढकलत जुन्या जागी गेल्या, तिथून फोन करायला गेल्या तर नोंदीवरचा लँडलाइन बंद पडलेला. शेवटी शेजारच्याला विचारत विचारत आल्या. माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर अजून डोळ्यापुढून जात नाही.

जुनी नोंद उडवायची कशी?

---

बंडू_बिनधास्त | सोमवार, रात्री १०.०५

सोप्पंय. जुन्या नोंदीवर 'Suggest an edit' दाबायचं आणि कायमचं बंद झालं म्हणून टाकायचं. चार मित्रांकडूनही टाकून घ्या, दोन दिवसांत काम होईल. नव्या नोंदीच्या नावात 'बेस्ट सायकल रिपेअर, पंक्चर, गिअर सर्व्हिस' असं सगळं घाला. फोटो टाकताना त्यात लोकेशन भरून टाका. महिन्याभरात पहिल्या नंबरवर. मी स्वतःच्या दुकानाला केलंय.

---

नकाशावेडी | सोमवार, रात्री १०.३२

चेनकव्हर, थांबा! अजून काही दाबलं नसेल तर अजिबात दाबू नका.

जुनी नोंद उडवायची नाही, तीच नव्या जागी न्यायची. तुमचे ६३ रिव्ह्यू तिच्यावर आहेत. ते दुकानाचे आहेत, जागेचे नाहीत. दुकान तेच असेल आणि फक्त जागा बदलली असेल तर पत्ता दुरुस्त करायचा असतो, रिव्ह्यू सोबत येतात. 'कायमचं बंद' केलंत तर नोंद जात नाहीच, उलट तुमच्या नावापुढे लाल अक्षरांत बंद असल्याचं दिसत राहतं. नावाने शोधणाऱ्याला वाटणार, दुकानच बंद पडलं. चार वर्षांची पुण्याई मागे राहील आणि २ रिव्ह्यूंची नोंद घेऊन तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

आता क्रम सांगते. क्रम चुकला तर गुंता वाढतो.

आधी जुन्या नोंदीची मालकी घ्या. नकाशात ती उघडून 'Claim this business' दाबा. कुणाच्या तरी खात्यावर ती आधीच असेल तर तसं सांगून परवानगी मागायची सोय दिसेल. ती मागितली की सध्याच्या मालकाला मेल जातो आणि उत्तराला तीन दिवस मिळतात. गृहस्थांनी उत्तर दिलं नाही तर बहुतेक वेळा तुम्हालाच दावा करून व्हेरिफिकेशन करता येतं. आपल्या रोजच्या वापरातल्या खात्यावरून करा. भाच्याच्या खात्यावरून नको, नाहीतर चार वर्षांनी भाचा म्हणजे तेच गृहस्थ!

मालकी मिळाली की पत्ता, फोन आणि पिन बदला. ते दिसायला लागलं की मगच भाच्याची नोंद 'दुसऱ्या ठिकाणाचीच प्रत' म्हणून कळवा. दोन्ही नोंदींचा पत्ता एक झाला की त्या एकाच दुकानाच्या आहेत हे पटवणं सोपं जातं. आज कळवलंत तर दोन वेगळे पत्ते, दोन वेगळे फोन. दोन दुकानं असतील असाच निष्कर्ष निघणार.

---

बंडू_बिनधास्त | सोमवार, रात्री १०.५०

नावाचं काय मग? माझं तर वर आलं.

---

नकाशावेडी | सोमवार, रात्री ११.१५

आलं असेल, मी नाकारत नाही. नावातले शब्द क्रमावर परिणाम करतात, हे या कामातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण नियम असा की पाटीवर जे नाव, तेच नोंदीवर. शेजारच्या स्पर्धकाने एकदा तक्रार केली की नाव कापलं जातं, आणि नशीब वाईट असेल तर अख्खी प्रोफाइल निलंबित होते. मग दुकानाचे कागद दाखवत बसा. चेनकव्हरांची नोंद आधीच अडचणीत आहे, त्यात ही भानगड कशाला?

फोटोतल्या लोकेशनचा काही उपयोग होतो असं मला कधी आढळलं नाही. फोटो गिऱ्हाइकासाठी टाका. रस्त्यावरून दुकान कसं दिसतं, पाटी कुठे आहे, सायकल लावायला जागा आहे का. हे तीन फोटो पन्नास पान्यांच्या फोटोंपेक्षा जास्त कामाचे.

---

शिकवणीवाली_ताई | मंगळवार, सकाळी ७.२०

माझंही असंच आहे. मी गणिताच्या शिकवण्या घेते, मुलांच्या घरी जाऊन. नकाशावर घराचा पत्ता टाकला तर लोक दारात येऊन उभे राहतात, मागच्या रविवारी एकजण दुपारी दोनला आले. काढून टाकला तर दिसणारच नाही ना? आणि मलाही दोन नोंदी कराव्या लागतील का, एक घराची आणि एक शिकवणीची?

---

नकाशावेडी | मंगळवार, सकाळी ८.०५

ताई, तुमचं प्रकरण उलटं आहे. त्यांच्याकडे गिऱ्हाईक येतं, तुम्ही गिऱ्हाइकाकडे जाता. तुम्ही पत्ता लपवायचाच आणि त्याऐवजी कुठल्या भागांत जाता ते द्यायचं. वीसपर्यंत भाग देता येतात. नोंद एकच. पत्ता लपवला तरी दिसता, फक्त पिन दिसत नाही. मात्र वीसच्या वीस भाग भरले म्हणून तिथे तिथे वर याल असं नाही. ती माहिती वाचणाऱ्यासाठी आहे.

---

ओटीवरचे_अण्णा | मंगळवार, सकाळी ९.४५

आमच्या काळी पाटी लावली की झालं. चांगलं काम करा, लोक शोधत येतात.

---

चेनकव्हर | मंगळवार, सकाळी ९.५८

अण्णा, लोक शोधत येतात हेच तर रडणं आहे. शोधत जुन्या दुकानात जातात.

नकाशावेडी ताई, परवानगी मागितली आहे. बघू.

---

चेनकव्हर | पुढचा सोमवार, दुपारी १.१०

गृहस्थांकडून उत्तर नाही. तीन दिवसांनी दावा करायचा पर्याय आला. मग व्हिडिओ मागितला. काढला, पाठवला, नापास! आता काय?

---

नकाशावेडी | सोमवार, दुपारी १.४०

व्हिडिओत काय काय होतं ते जसंच्या तसं सांगा.

---

चेनकव्हर | सोमवार, दुपारी २.३०

दुकानाच्या आतून सुरू केला. स्टँडवर चढवलेली सायकल, चाक सरळ करायचा ट्रूइंग स्टँड, टायरचा ढीग, मी स्पोक आवळतोय. मग बाहेर येऊन पाटी. साधारण वीस सेकंद. पाटीवर '...सायकल सर्व्हिस' आहे. नोंदीवर त्या गृहस्थांनी '...सायकल वर्क्स' टाकलं होतं. पत्ता तर अजून जुनाच आहे म्हणा.

---

नकाशावेडी | सोमवार, दुपारी ३.०५

तुमच्या उत्तरातच तीन कारणं आहेत. नाव जुळत नाही. पत्ता जुळत नाही, म्हणजे नोंद एका रस्त्यावरची आणि व्हिडिओ दुसऱ्या रस्त्यावरचा. आणि व्हिडिओ तीस सेकंदांपेक्षा लहान.

व्हेरिफिकेशनच्या आधी नाव पाटीप्रमाणे करा, पत्ता नवा टाका. मग व्हिडिओ काढा. एकाच दमात, मध्ये न थांबवता, कापाकापी नाही. बघणाऱ्याला तीन गोष्टी पटायला हव्यात: जागा हीच आहे, दुकान खरं आहे, आणि माणूस त्या दुकानाचा आहे. म्हणून सुरुवात रस्त्यावरून करा. रस्त्याच्या नावाची पाटी असेल तर ती, शेजारची दोन दुकानं, मग तुमची पाटी. ती नीट वाचता येईल इतका वेळ थांबा. मग शटर स्वतःच्या किल्लीने उघडताना दाखवा. तिसऱ्या गोष्टीला याहून सोपा पुरावा नाही, कारण गिऱ्हाइकाकडे किल्ली नसते. शेवटी आतली अवजारं आणि फक्त कामगारच जातात ती मागची खोली. गिऱ्हाइकांचे चेहरे आणि बँकेचे कागद नकोत.

सकाळी दुकान उघडायच्या वेळी काढा, सगळं आपोआप होतं.

---

चेनकव्हर | गुरुवार, सायंकाळी ६.१५

पास झालं! नवा पत्ता दिसतोय. शटर उघडताना कुलूप अडकलं, चाळीस सेकंद नुसता कुलपाशी झटतोय असा व्हिडिओ गेला, तरी पास.

आता नवीन गंमत. पत्ता बरोबर आहे, पण लोक इमारतीच्या मागच्या बोळात येतात. तिथे भिंत आहे आणि एक कायम बंद फाटक. आज दोघं फाटकाबाहेरून हाका मारत होते.

---

नकाशावेडी | गुरुवार, सायंकाळी ७.००

पत्ता आणि पिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पत्ता लिहिलात, पिन अंदाजाने इमारतीच्या मधोमध बसली. नकाशा माणसाला पिनच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर आणून सोडतो. तुमच्याकडे तो मागचा बोळ निघाला. पत्त्याच्या दुरुस्तीत पिन सरकवायची सोय आहे. उपग्रहाचं चित्र लावा, जास्तीत जास्त मोठं करा आणि पिन तुमच्या शटरवर आणून ठेवा, इमारतीवर नाही. मग दोन रस्ते लांब जा आणि स्वतःच्याच दुकानाचा रस्ता विचारत चालत या.

---

तळटीप | गुरुवार, रात्री ८.२०

मी एका दवाखान्याचं संगणकाचं काम बघतो. मला वाटतं यात मूळ काम राहिलं. सगळीकडे पत्ता अक्षरशः एकसारखा पाहिजे. 'रोड' आणि 'रस्ता', 'दु. क्र.' आणि 'दुकान नंबर', स्वल्पविराम, सगळं. एका अक्षराचा फरक पडला तरी गूगल वेगळं दुकान समजतं. मी शंभरेक ठिकाणी अक्षर अन् अक्षर जुळवून घेतलं होतं.

---

नकाशावेडी | गुरुवार, रात्री ९.१०

तळटीप, निम्मं पटलं. सगळीकडे तोच पत्ता पाहिजे, हे शंभर टक्के. पण 'रोड' आणि 'रस्ता' एकच आहे हे त्याला कळतं, स्वल्पविरामासाठी रात्री जागवू नका. घात करतात ते दोन प्रकार: जुना पत्ता आणि जुना फोन नंबर. बंद पडलेला लँडलाइन पाच ठिकाणी असेल आणि नवा मोबाइल एकाच ठिकाणी, तर बिचाऱ्या यंत्राने कोणावर विश्वास ठेवायचा? आणि शंभर ठिकाणांपैकी नव्वद कुणी उघडतही नाही.

चेनकव्हर, जुना लँडलाइन नंबर अवतरणचिन्हांत घालून शोधा. एकदा सलग, एकदा मध्ये मोकळी जागा सोडून. मग जुन्या रस्त्याचं नाव आणि दुकानाचं नाव एकत्र शोधा. जे सापडेल ते कागदावर लिहा, आधी नुसतं लिहा. मग स्वतःच्या हातातलं आधी बदला: वेबसाइट, फेसबुक पान, व्हॉट्सअॅपची व्यवसाय प्रोफाइल. त्यानंतर अॅपल आणि बिंगचे नकाशे, मग ओपनस्ट्रीटमॅप, शेवटी त्या सगळ्या डिरेक्टऱ्या. पत्ता फोनमध्ये एकदा लिहून ठेवा आणि तिथूनच चिकटवत जा. दरवेळी हाताने लिहायला गेलं की सातव्या ठिकाणी आकडा चुकतोच.

---

चेनकव्हर | शनिवार, रात्री १०.०५

नऊ ठिकाणं निघाली. त्यातल्या दोन डिरेक्टऱ्यांची नावं आयुष्यात ऐकली नव्हती, पण त्यांच्याकडे माझा लँडलाइन होता! सात दुरुस्त झाली. एका ठिकाणी जुन्या लँडलाइनवरच ओटीपी पाठवतात, आणि तो तर तोडलाय. तिथे अडकलोय.

पण मोठा शोध वेगळाच. नकाशावर मी मोबाइल नंबर टाकला होता, परवा उघडलं तर तिथे पुन्हा लँडलाइन! कुणी बदलला?

---

नकाशावेडी | शनिवार, रात्री १०.३०

वेबसाइटच्या 'संपर्क' पानावर कुठला नंबर आहे?

---

चेनकव्हर | शनिवार, रात्री १०.४१

...लँडलाइन. मुखपृष्ठावर बदलला होता. संपर्काचं पान विसरलो.

---

नकाशावेडी | शनिवार, रात्री ११.००

तिथूनच आला असणार. नोंद तुमची असली तरी माहिती फक्त तुमच्याकडून घेतली जात नाही. तुमचं संकेतस्थळ, येणारेजाणारे लोक, बाकीच्या नोंदी, सगळ्यांचं ऐकलं जातं आणि काही वेळा परस्पर बदल होतो. असे बदल प्रोफाइलमध्ये वेगळ्या खुणेने दिसतात, तिथे स्वीकारायचे की फेटाळायचे ते ठरवता येतं. आधी संकेतस्थळ नीट करा. मूळ तसंच ठेवून नुसतं फेटाळलंत तर पुन्हा येईल. आणि आठवड्यातून एकदा स्वतःची नोंद उघडून बघायची सवय लावा, गल्ला मोजता तशी.

---

शिकवणीवाली_ताई | रविवार, सकाळी ८.३०

मी पत्ता लपवला, छान वाटतंय. पण एका माणसाने मला एक तारा दिलाय, नाव ओळखीचं नाही, माझ्याकडे त्या आडनावाचा विद्यार्थी कधीच नव्हता. लिहिलंय फक्त "वेळ वाया". काढता येईल का?

---

नकाशावेडी | रविवार, सकाळी ९.१५

कळवता येईल, पण खात्री नाही. 'मला पटत नाही' हे कारण चालत नाही, नियम मोडला असेल तरच निघतो. शिवीगाळ, जाहिरात, हितसंबंध, न घेतलेल्या अनुभवाबद्दल लिहिणं अशी कारणं असतात. तुमचं शेवटच्यात बसतं, पण सिद्ध कसं करणार? कळवा, काही दिवस थांबा, नाकारलं तर एकदा अपील करता येतं. तोवर दोन ओळींचं शांत उत्तर लिहा: "या नावाचा विद्यार्थी आमच्या नोंदीत सापडत नाही, काही गैरसमज असेल तर फोन करा." हे उत्तर त्या माणसासाठी नाही, उद्या वाचणाऱ्या आईवडिलांसाठी आहे.

---

बंडू_बिनधास्त | रविवार, सकाळी ११.००

एक तारा बुडवायचा उपाय म्हणजे पन्नास पाच-तारे. दुकानाच्या वायफायवरून ओळखीच्या लोकांकडून एका संध्याकाळी घ्यायचे. पुढच्या सर्व्हिसिंगला सूट दिली की कुणीही देतं.

---

चेनकव्हर | रविवार, सकाळी ११.२०

बंडूभाऊ, भाच्याने हेच केलं होतं. त्याच्या नोंदीवर २ रिव्ह्यू आहेत म्हणालो ना, ते मुळात ११ होते. कॉलेजचे मित्र, एकच संध्याकाळ, दुकानातलंच वायफाय. दुसऱ्या आठवड्यात ९ गायब. राहिलेले २ खऱ्या गिऱ्हाइकांचे.

---

नकाशावेडी | रविवार, सकाळी ११.४५

नेमकं कशामुळे गाळले हे कोणी सांगत नाही, पण गठ्ठ्याने आलेले असे जातात हे मीही पाहिलंय. सूट देऊन घेतलेला रिव्ह्यू नियमाबाहेर आहे. आणि 'खूश गिऱ्हाइकालाच विचारायचं, रागावलेल्याला टाळायचं' हेही बसत नाही, ते फारसं कुणाला माहीत नसतं.

विचारायचं तर सायकल परत देताना विचारा. माणूस ब्रेक दाबून बघतो, एक चक्कर मारून येतो, तेव्हा. प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागायची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो छापून हवेच्या पंपाशी लावा, तिथे लोक तसेही उभे असतात. मी सांगते ते वाक्य असं: "काय काम केलं ते दोन शब्दांत लिहाल का?" तारे मागू नका. 'गिअर सरकत होता, अर्ध्या तासात नीट केला' असं कुणी लिहिलं की पुढच्या गिअरवाल्याला ते नुसत्या 'छान'पेक्षा उपयोगी पडतं. आठवड्याला दोन आले तरी पुष्कळ.

---

तळटीप | रविवार, दुपारी ४.१०

मघाशी माझ्या फोनवर चेनकव्हरांच्या धंद्याचा शोध घेतला, 'सायकल दुरुस्ती' एवढंच. मला ते दिसलेच नाहीत. म्हणजे अजून गडबड आहेच.

---

नकाशावेडी | रविवार, दुपारी ४.४०

तुम्ही कुठे बसला आहात, तळटीप? शोधणाऱ्यापासूनचं अंतर हा मोठा घटक आहे. गूगल स्वतःच तीन गोष्टी सांगतं: शोधाशी किती जुळतं, किती जवळ आहे, किती नावाजलेलं आहे. अंतर कुणालाच बदलता येत नाही. तुम्हाला तुमच्या जवळचे सायकलवाले दिसणार. स्वतःच्या दुकानात बसून शोधलं तर उलटी फसगत होते, तिथे आपण पहिलेच दिसतो.

चेनकव्हर, एक गोष्ट मात्र तपासा. मुख्य वर्ग काय निवडलाय?

---

चेनकव्हर | रविवार, सायंकाळी ५.३०

'Bicycle store'.

---

नकाशावेडी | रविवार, सायंकाळी ५.४५

तुम्ही सायकली विकता?

---

चेनकव्हर | रविवार, सायंकाळी ५.५०

नाही. एक जुनी कोपऱ्यात आहे, ती भाचा विकतो विकतो म्हणतोय.

---

नकाशावेडी | रविवार, सायंकाळी ६.००

मग 'Bicycle repair shop' करा. मुख्य वर्ग एकच असतो आणि तो बाकीच्या सगळ्या वर्गांपेक्षा जड असतो. आज नवी सायकल घ्यायला निघालेल्यांना तुम्ही दिसता आणि पंक्चरवाल्यांना कमी. भाच्याने सायकली विकायला घेतल्याच तर दुकानाचा वर्ग दुसरा म्हणून जोडा.

---

चेनकव्हर | दोन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ९.२०

हिशेब देतो. भाच्याची नोंद प्रत म्हणून कळवली, चार दिवसांत जुनीत मिसळली. रिव्ह्यू ६४ दिसतात. ६३ अधिक २ म्हणजे ६५ व्हायला हवेत. एक कुठे गेला कळलं नाही.

वर्ग बदलला, पिन शटरवर आहे, फाटकाबाहेरच्या हाका थांबल्या. काल एकजण "पंक्चर शोधलं, तुम्ही दिसलात" म्हणत आला, पण तो वर्गामुळे, मिसळल्यामुळे की रस्त्यापलीकडेच राहतो म्हणून, देव जाणे.

राहिलंय ते ओटीपीवालं प्रकरण. तो लँडलाइन पुन्हा जोडून घ्यावा का, एका ओटीपीपुरता? आणि जुन्या जागेत आता शिंपी आलेत, ते म्हणतात अजून आठवड्याला एखादी सायकल येते. त्यांच्या दारावर आमच्या नव्या पत्त्याचा कागद लावू का?

---

ओटीवरचे_अण्णा | बुधवार, रात्री ९.३५

पाटी. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

---

तळटीप | बुधवार, रात्री ९.५०

लँडलाइन जोडू नका. त्या डिरेक्टरीला मेल करा, सोबत दुकानाच्या पाटीचा फोटो. आम्हाला तीन मेलनंतर उत्तर आलं होतं. तुमचा तो गायब रिव्ह्यू एकाच माणसाने दोन्ही नोंदींवर दिला होता का, तेही बघा.